डेव्हलपरला डिझाइन फाइल देताना: एका कार्डाच्या निमित्ताने

प्रश्न: मी फ्रीलान्स यूआय डिझायनर आहे. एका किराणा अ‍ॅपच्या वेब-आवृत्तीची स्क्रीन फिग्मात करून दिली. बनून आली तेव्हा ओळी भलतीकडेच तुटत होत्या, अंतरं थोडी थोडी चुकलेली होती आणि मराठी नावांच्या मात्रा कापल्या जात होत्या. डेव्हलपर म्हणतो, "फाइलमध्ये जे होतं तेच केलंय." फाइल कशी तयार करून द्यायची म्हणजे हे होणार नाही?

उत्तर:

डेव्हलपर बहुतेक खरं बोलतोय. तुमची स्क्रीन ३६० पिक्सेल रुंदीची एक फ्रेम असणार. त्या एका रुंदीला, तुम्ही टाकलेल्या त्या एका नावाला ती कशी दिसते, एवढंच फाइलमधून कळतं. ३९० वर काय होईल, नाव दुप्पट लांब झालं तर कोण सरकेल आणि कोण जागेवर राहील, हे फाइल बोलत नसेल तर ते डेव्हलपर ठरवतो. त्यामुळे फाइलमध्ये दिसण्यासोबत वागण्याचे नियमही असले पाहिजेत, आणि ते लेयरमध्येच. सोबतच्या मेलमधले नियम कोड लिहिताना कोणी उघडून बघत नाही.

सगळी स्क्रीन घेण्याऐवजी तुमच्या यादीतलं एकच कार्ड घेऊ: डावीकडे वस्तूचा फोटो, मध्ये नाव आणि वजन, उजवीकडे किंमत आणि खाली 'टाका' बटण. तुमच्या तिन्ही तक्रारी या एका कार्डात सापडतात.

आधी ओळ तुटण्याचं बघू. स्क्रीन ३६०, दोन्ही बाजूंना १६ सोडले की कार्ड ३२८ रुंद. आतलं पॅडिंग १६, आणि कार्डाला १ पिक्सेलची करडी कड. फिग्माच्या ऑटो लेआउटमध्ये कड मूळ सेटिंगनुसार जागा खात नाही, ती पॅडिंगवरच काढली जाते. म्हणजे आत २९६ पिक्सेल उरतात. ब्राउझरमध्ये मात्र `border` स्वतःची जागा घेते. डेव्हलपरने `box-sizing: border-box` लावून तुमचे सगळे आकडे जसेच्या तसे टाकले तरी आत २९४ उरतात. फोटोचे ७२ आणि त्याच्या शेजारची १२ ची फट वजा केली की नाव आणि किंमत मिळून तुमच्याकडे २१२ उरतात, त्याच्याकडे २१०. नाव, किंमत आणि त्यांच्यातली फट मिळून २११ पिक्सेल झाले की नाव तुमच्याकडे एका ओळीत बसतं आणि त्याच्याकडे शेवटचा शब्द खाली जातो. फोटोच्या उंचीत ओळी मावल्या नाहीत तर कार्ड उंच होतं, खालची सगळी कार्डं सरकतात, आणि दोघांचेही आकडे बरोबर असतात.

उपाय दोन आहेत, एक ठरवा. ऑटो लेआउटच्या सेटिंगमध्ये `Strokes` हा पर्याय `Included` करा, म्हणजे फिग्माही ब्राउझरसारखीच कड मोजेल. नाहीतर फाइल तशीच ठेवा आणि कार्डाशेजारी लिहा की कडेने जागा घ्यायची नाही. मग डेव्हलपर ती अशी काढेल:

```css
.card {
  padding: 16px;
  box-shadow: inset 0 0 0 1px #D9D9D9;
}
```

मी पहिला उपाय करते. दुसऱ्यात प्रत्येक कार्डाला, प्रत्येक इनपुटला ही आठवण ठेवावी लागते आणि कुठेतरी सुटतेच.

आता रुंदी. कार्डातल्या प्रत्येक लेयरला आडव्या दिशेने काय करायचं ते सांगितलेलं हवं. फोटो `Fixed`, ७२ बाय ७२. नाव-वजनाचा गट `Fill container`. किंमत `Hug contents`. यातून एक क्रम ठरतो: किंमत लागेल तेवढी जागा घेणार, फोटो हलणार नाही, उरलेलं सगळं नावाचं. बऱ्याच फाइलींत हा मधला गट `Fixed` राहून गेलेला असतो, कारण ३६० वर तो बरोबरच दिसतो. तपासायला एक मिनिट लागतं. फ्रेमची कड पकडून ती ३२० पर्यंत आत ओढा, मग ४१२ पर्यंत बाहेर. जे लेयर एकमेकांवर चढतील किंवा मध्येच मोकळी जागा सोडतील, तिथे नियम द्यायचा राहिलाय. जिथे ऑटो लेआउटच नाही, नुसते लेयर मांडून ठेवलेत, तेही या ओढाताणीत लगेच उघडं पडतं.

ओढून झालं की खरा मजकूर टाका. 'पोहे' आणि '₹४५' वर सगळीच कार्डं छान दिसतात. क्लायंटकडून त्याच्या मालाची खरी यादी मागून घ्या आणि त्यातलं सगळ्यात लांब नाव शोधा. समजा ते निघालं 'सेंद्रिय हातसडीचा आंबेमोहोर तांदूळ', किंमत '₹१,२४९'. आता किंमत रुंद झाली, नावाला जागा कमी उरली, नाव दोन ओळींत गेलं, अरुंद फोनवर तिसरीतही जाईल. किती ओळींपर्यंत चालेल? दोन म्हणत असाल तर त्या टेक्स्ट लेयरवरच `Truncate text` चालू करून `Max lines` २ करा. आणि दोन ओळींच्या नावाशेजारी किंमत वरच्या ओळीला लागून राहणार की मध्यावर येणार, हे अलाइनमेंटमध्ये ठरवा. ही लांब नावाची आवृत्ती फाइलमध्ये छोट्या नावाच्या शेजारीच ठेवा. माझ्या मते डेव्हलपरला द्यायच्या फाइलमधली ही सगळ्यात मोलाची फ्रेम. सुंदर स्क्रीन क्लायंटला पटवण्यासाठी असते, बांधणारा माणूस ही फ्रेम बघून काम करतो.

मात्रा कापल्या जाण्याचं मूळही इथेच आहे. दोन ओळींनंतर छाटायचं म्हणजे कोडमध्ये `overflow: hidden` येतं, आणि ओळीच्या पेटीबाहेर जे जाईल ते कापलं जातं. इंग्रजी अक्षरांना १६ पिक्सेलच्या अक्षराला २० ची ओळ सहज पुरते. देवनागरीत वर रफार, त्यावर मात्रा, कधी अनुस्वार, आणि खाली रकार व ऊकार एकाखाली एक येतात. फिग्मात लेयर काही कापत नाही, म्हणून तुम्हाला ते दिसतच नाही. तपासायला मी 'आयुर्वेदिक ड्रायफ्रूट लाडू' असं नाव टाकते. 'र्वे' वरच्या बाजूला ताण देतो, 'फ्रू' खालच्या. त्या टेक्स्टला ओळींच्या उंचीएवढ्याच फ्रेममध्ये ठेवून फ्रेमला `Clip content` लावा. काही छाटलं गेलं की ओळीची उंची कमी आहे. १६ च्या अक्षराला २४ ची ओळ ठेवली तर साधारण निभावतं, जाड आणि मोठ्या शीर्षकांना मात्र वेगळं तपासा.

ओळीची उंची `Auto` कधीच सोडू नका. `Auto` म्हणजे त्या फॉन्टच्या स्वतःच्या मापावर सोडलेली उंची, कोडमध्ये ती `line-height: normal` होते. आणि फॉन्ट बदलला की ती बदलते. आता तुमच्या फाइलमध्ये इंटर हा फॉन्ट असेल तर त्यात देवनागरी नाहीच. फिग्मा तिथे दुसऱ्याच फॉन्टची अक्षरं दाखवतं, विंडोजवर ब्राउझर निर्मला यूआय घेईल, अ‍ॅपलवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुधा नोटो. तिन्हींची रुंदी वेगळी, म्हणजे ओळीही तिन्हीकडे वेगवेगळ्या जागी तुटणार. मराठी मजकूर असेल तर देवनागरी असलेलाच फॉन्ट निवडा: मुक्त, पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी, जो रुचेल तो. तो वेबसाइटसोबत लोड व्हायला हवा, हे डेव्हलपरला सांगा आणि तुम्ही वापरलेली फॉन्टची वजनंही कळवा. फाइलमध्ये ६०० वजन वापरलंय आणि साइटवर फक्त ४०० व ७०० लोड झालेत, तर ब्राउझर ७०० घेतो आणि नावं पुन्हा रुंद होतात.

बटणाचं एकच सांगते. 'टाका' दाबल्यावर तिथे उणे, संख्या आणि अधिक येतात. बटण `Hug contents` असेल तर दाबताक्षणी त्याची रुंदी बदलते आणि शेजारचं सगळं हलतं. दोन्ही अवस्थांना एकच ठरलेली रुंदी द्या, १२० वगैरे, आणि त्या एकाच कंपोनंटचे व्हेरियंट म्हणून करा. उणे-अधिकची चिन्हं १६ ची असली तरी बोटाला लागणारी जागा मोठी हवी. अ‍ॅपलचं मार्गदर्शन ४४ पॉइंटचं आहे, मटेरियलचं ४८ डीपीचं. ती जागा चिन्हाभोवती अदृश्य फ्रेम म्हणून फाइलमध्ये काढा, नाहीतर डेव्हलपर १६ चंच बटण करतो. बाकी अवस्था, म्हणजे माल संपला, फोटो नाही, सवलतीची किंमत, या प्रत्येकीचं एकेक कार्ड पुरेसं आहे.

रंगांना हेक्स आकड्यांवर सोडू नका, व्हेरिएबल करून `text/secondary` असं कामाचं नाव द्या. फाइलमध्ये #757575 आणि #767676 दोन्ही पडले असतील तर डेव्हलपर प्रामाणिकपणे दोन्ही बनवतो.

फाइल देताना कच्चं काम दुसऱ्या पानावर हलवा आणि पक्क्या स्क्रीन एका सेक्शनमध्ये ठेवून तो `Ready for dev` करा. क्लायंटच्या डेव्हलपरकडे डेव्ह मोड आहे असं गृहीत धरू नका, तो पैसे भरलेल्या प्लॅनवरच मिळतो. नसेल तर कार्डाशेजारी पॅडिंग, फट, ओळींची मर्यादा आणि फोटो कसा छाटायचा एवढं कॅनव्हासवरच लिहून ठेवा. फाइल दिल्यावर काही बदललंत तर त्या स्क्रीनशेजारी काय बदललं ते लिहा आणि त्याला कळवा. गुपचूप दुरुस्ती केली तर त्याचा विश्वास फाइलवरून उडतो, आणि तो जुन्या स्क्रीनशॉटवरून काम करायला लागतो.

बनवलेलं तपासायचं काम करारातच घाला, त्याचे वेगळे तास धरा. सगळी स्क्रीन होईपर्यंत थांबू नका, पहिलं कार्ड झालं की मागवा. तुमच्या फ्रेमच्याच रुंदीला घेतलेला त्याचा स्क्रीनशॉट फाइलमध्ये फ्रेमवर तंतोतंत ठेवा आणि लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. जुळलेला भाग काळा होतो, सरकलेला भाग उजळ दिसतो. अक्षरांच्या कडांना बारीक रेषा राहतीलच, कारण विंडोज आणि मॅक अक्षरं वेगळ्या पद्धतीने रंगवतात. त्यासाठी डेव्हलपरच्या मागे लागू नका. पण अख्खा शब्द दुहेरी दिसला किंवा कार्डाची खालची कड दोनदा उमटली तर तिथे खरा फरक आहे. कळवताना 'जरा खाली वाटतंय' असं न लिहिता 'नाव आणि वजन यांत ४ हवं, ८ झालंय, ३६० रुंदी, क्रोम' असं लिहा. पहिल्या कार्डावर हे मिटवलं की तोच कंपोनंट यादीभर जातो, आणि पुढच्या स्क्रीनवर तुम्हाला फक्त नव्या गोष्टी तपासाव्या लागतात.