पॉवर बँक परत मागवताना

सदोष पॉवर बँक परत मागवण्यासाठी गिऱ्हाइकांना पाठवायच्या सूचनेचा तुझा मसुदा वाचला. 'गुणवत्तेच्या कारणास्तव' हे शब्द आधी काढ, त्यातून गिऱ्हाइकाला धोका कळतच नाही. सरळ लिही: या बॅचच्या लिथियम सेलमध्ये आतून शॉर्टसर्किट होऊन पॉवर बँक पेट घेऊ शकते. वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा, उशाशी ठेवू नका, कचऱ्यातही टाकू नका.

बॅच नंबर कुठे छापलाय त्याचा फोटो दे, नाहीतर दिवसभर फोन वाजत राहतील. बिल मागू नकोस; बिलं जपून ठेवतं कोण? नंबरचा फोटो आला की नवी पाठव. मात्र सदोष पॉवर बँक साध्या कुरियरने मागवू नकोस, वाटेतच पेटू शकते. दुकानात जमा करून घे. फुगलेली असेल तर आपलाच माणूस पाठव.