तारेपासून लांब जाणाऱ्या लूपमधला ईएमएफ

प्रश्न: लूप तारेपासून लांब ओढला तर ईएमएफ Blv नेच काढायचा ना? मग B कुठला घ्यायचा, जवळच्या बाजूचा का मधला? माझं उत्तर पुस्तकाशी जुळतच नाहीये.

उत्तर:

भाऊ, Blv बरोबरच आहे, पण ते पूर्ण लूपला एकदाच नाही लावायचं, तारेला समांतर असलेल्या दोन्ही बाजूंना वेगवेगळं लावायचं.

आकडे घेऊनच बघ. तारेत 20 A, समांतर बाजू 10 सेमी, रुंदी 5 सेमी, जवळची बाजू तारेपासून 5 सेमीवर आणि वेग 2 मी/से. लांब तारेचा B = μ₀I/2πr, म्हणजे जवळच्या बाजूवर 80 मायक्रोटेस्ला आणि लांबच्या बाजूवर (ती 10 सेमीवर आहे) 40. Blv लावलं की एका बाजूत 16 मायक्रोव्होल्ट, दुसरीत 8. आता खरी गंमत अशी की दोन्ही बाजूंत ईएमएफ तारेला समांतर एकाच दिशेने ढकलतो, त्यामुळे लूपमधून गोल फिरायला गेलं की दोघं एकमेकांच्या विरुद्ध पडतात, म्हणून वजाबाकी, 16 − 8 = 8 मायक्रोव्होल्ट. उरलेल्या दोन आडव्या बाजू वेगाच्याच दिशेत आहेत, त्यांचं काही मोजायचं नाही.

तुझं उत्तर 16 आलं असेल तर तू फक्त जवळची बाजू धरली, 24 आलं तर बेरीज केली, आणि 10.7 आलं तर मधला B टाकला. क्लासमधल्या वह्यांमध्ये मला हेच तीन आकडे दिसतात, बेरीजवाला जरा जास्तच.

सूत्रात लिहिलं तर असं होतं:

ε = μ₀ I l b v / [2π x (x + b)]

x म्हणजे जवळच्या बाजूचं अंतर, l म्हणजे समांतर बाजू आणि b म्हणजे रुंदी. फ्लक्सने केलं तरी हेच येतं, फक्त तिथे ln((x+b)/x) चं डेरिव्हेटिव्ह घेताना x वेळेनुसार बदलतोय हे विसरलास की v गायब होतो. आणि लूप 10 सेमीवर पोचला की ईएमएफ अर्धा होईल असं वाटतं ना, तो 2.7 मायक्रोव्होल्ट होतो, एक तृतीयांश, कारण खाली x सोबत (x + b) पण वाढतंय.

दिशेचं सांगतो. लांब जाताना फ्लक्स कमी होतो, लूप तो टिकवायला बघतो, म्हणून जवळच्या बाजूत करंट तारेतल्या करंटच्याच दिशेने. एका दिशेचे करंट एकमेकांना ओढतात, म्हणजे लूप तारेकडे खेचला जातो आणि ओढणाऱ्याला जोर लावावा लागतो. तुझी दिशा ढकलाढकली दाखवत असेल तर चिन्ह चुकलंय, परत बघ.

एक मात्र आहे, हे सगळं डीसीसाठी. केळीच्या मळ्यातल्या मोटरच्या केबलजवळ लूप धरून हे ताडून बघायला जाऊ नको, तिथे तिन्ही फेजच्या वायरी एकाच केबलमध्ये असतात आणि त्यांचे करंट मिळून जवळपास शून्य, म्हणून तर वायरमन क्लॅम्प मीटर एकाच वायरीभोवती लावतो. एकटी वायर मिळाली तरी 50 हर्ट्झवर करंटच बदलत असतो, त्यामुळे वर घेतलेला लूप 5 सेमीवर नुसता धरला तरी 20 A पीकला साधारण 87 मायक्रोव्होल्ट पीक येतील, त्यात तुझे ओढण्याचे 8 कुठे दिसणार.