आईच्या नावावरचा फ्लॅट आणि जमीन, वडील, मी आणि भाचे यांच्यात हिस्से कसे?

प्रश्न: आई फेब्रुवारीत वारली, मृत्युपत्र नाही. नाशिकला सोसायटीत फ्लॅट आणि निफाडकडे तिला तिच्या वडिलांकडून आलेली ४५ गुंठे जमीन, दोन्ही तिच्या एकटीच्या नावावर. मागे वडील, मी आणि ताईची दोन मुलं (मुलगी १९, मुलगा १४). ताई आधीच वारली. दाजी म्हणतात माझापण हक्क आहे, मामा म्हणतो जमीन माहेरची म्हणून आमची. नक्की कुणाला किती?

उत्तर:

हिस्से तीनच पडतात, एक वडिलांचा, एक तुमचा आणि एक ताईचा. ताई हयात नाही म्हणून तिचा जो हिस्सा झाला असता तो तिची दोन मुलं मिळून घेणार. दाजी आणि मामा दोघांनाही काही नाही.

मी नाशिकला दिवाणी कामं करते, आणि वारसाच्या केसमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ याच आकड्यात होतो. कुणी डोकी मोजतं, चार माणसं म्हणून प्रत्येकी पाव. तसं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चं कलम १५ सांगतं वारस कोण, म्हणजे मुलगे, मुली, आधी वारलेल्या मुलामुलीची मुलं आणि नवरा, हे सगळे एकाच वेळी एकाच रांगेत. आणि कलम १६ सांगतं की वारलेल्या मुलीची मुलं किती का असेनात, आईला मिळाला असता तेवढाच एक हिस्सा आपसात वाटून घेतात. समजा फ्लॅट ६० लाखाचा धरला तर वडील २०, तुम्ही २०, भाची १० आणि भाचा १०. जमिनीत वडिलांचे १५ गुंठे, तुमचे १५, भाच्यांचे साडेसात-साडेसात. भाचे पाच असते तरी तुमचा हिस्सा एक तृतीयांशच राहिला असता.

मामाचं म्हणणं हवेतलं नाही, पण अर्धवट आहे. बाईला आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते अशी तरतूद कलम १५ मध्येच आहे, फक्त ती कधी लागू होते तर त्या बाईला मुलगा, मुलगी किंवा वारलेल्या मुलामुलीचं मूल यातलं कुणीच नसेल तेव्हा. इथे तुम्ही आहात, भाचे आहेत, त्यामुळे माहेरची जमीनसुद्धा फ्लॅटसारखीच वाटली जाणार. फ्लॅटचे पैसे वडिलांनी भरले होते वगैरे चर्चा घरात निघेलच, पण खरेदीखत आईच्या एकटीच्या नावावर असेल तर कलम १४ प्रमाणे ती तिची पूर्ण मालकीची मिळकत धरूनच पुढे चालायचं.

आता दाजींचं. इथे एकच गोष्ट आधी तपासा, दोन्ही मृत्यूचे दाखले समोर ठेवून तारखा बघा. ताई आईच्या आधी गेली असेल तर तिच्या अंगावर आईचा हिस्सा कधी आलाच नाही, तो थेट तिच्या मुलांना गेला, आणि जावई हा सासूचा वारस या यादीत कुठेच नाही. पण समजा आई आधी गेली असती आणि ताई नंतर महिन्याभराने, तर आई गेली त्या क्षणी ताईला एक तृतीयांश मिळाला असता आणि ताई गेल्यावर तो तिच्या नवऱ्यात आणि दोन मुलांत समान, म्हणजे दाजींना एक नवमांश आला असता. दोघी थोड्याच दिवसांच्या अंतराने गेल्या अशा घरांत याच तारखेवरून दावे लागतात. तुमच्या लिहिण्यावरून ताई आधी गेली, म्हणजे दाजी वारस नाहीत, ते फक्त धाकट्या मुलाचे पालक म्हणून कागदावर येतील. दाजींनी दुसरं लग्न केलं असेल किंवा करतील त्याने या दोन मुलांच्या हक्कात फरक पडत नाही, आणि दुसऱ्या बायकोच्या मुलांना यात काही येत नाही.

आता कागद. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देताना जी वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडता त्यात ताईचं नाव मयत म्हणून लिहा आणि खाली दोन्ही मुलांची नावं लिहा. बऱ्याच घरांत वारलेली मुलगी वंशावळीतून सरळ गाळली जाते, काही वेळा मुद्दाम, काही वेळा "ती आता नाहीच" म्हणून, आणि मग फेरफार फक्त बाप आणि मुलाच्या नावाने होतो. त्याने भाच्यांचा हक्क मरत नाही कारण वारस नोंद ही महसुलाची नोंद आहे, मालकी त्यातून येत नाही, पण पुढे विकताना हे उघडं पडतं आणि खोट्या प्रतिज्ञापत्राचं झेंगट तुमच्या गळ्यात येतं. नोंद बरोबर झाली की सातबाऱ्यावर भाच्याच्या नावापुढे "अ.पा.क." म्हणून दाजींचं नाव दिसेल, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ते दिसलं म्हणून दाजी मालक झाले असं नाही, हे त्यांनाही नीट सांगा. सोसायटीत आईने तुम्हाला नॉमिनी केलं असेल तरी सोसायटी तुम्हाला तात्पुरता सभासद करते, मालकी वर सांगितली तशीच राहते.

माझ्याकडे अशीच एक केस आली होती. आजी गेली, तिच्या वारलेल्या मुलीचा मुलगा अज्ञान, मामा आणि जावई यांच्यात समजूत झाली आणि जावयाने पोराच्या वतीने हक्कसोडपत्र रजिस्टर करून दिलं, फुकट. मामाने फ्लॅट विकायला काढला, खरेदीदाराने लोन घेतलं, आणि बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये तिथेच बोट ठेवलं की जिल्हा न्यायालयाची परवानगी कुठे आहे. व्यवहार तिथेच थांबला, खरेदीदाराने इसार परत मागितला. कायदा असा की अज्ञानाची स्थावर मिळकत त्याचा सख्खा बापसुद्धा कोर्टाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विकू, बक्षीस देऊ किंवा सोडू शकत नाही, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८. आणि कोर्ट परवानगी तेव्हाच देतं जेव्हा गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल, त्यामुळे फुकट हक्क सोडायला परवानगी मिळेल ही आशा धरू नका.

म्हणून तुमच्याकडे दोन रस्ते आहेत. भाची १९ ची आहे, तिला तिच्या मर्जीने हिस्सा सोडायचा असेल किंवा पैसे घेऊन द्यायचा असेल तर ती स्वतः रजिस्टर दस्त करू शकते, त्यात दाजींची सही लागत नाही, पण तिच्यावर दबाव आणून सह्या घेऊ नका, तो दस्त नंतर टिकवताना नाकी नऊ येतात. भाच्यासाठी, आत्ता विकायचं असेल तर दाजींनी जिल्हा न्यायालयात परवानगीचा अर्ज करायचा, सोबत व्हॅल्युएशन आणि हिश्शाची रक्कम कुठे ठेवणार ते दाखवायचं, साधारण कोर्ट ती रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीला ठेवायला लावतं. घाई नसेल तर नावं लावून सगळं सामाईक ठेवा आणि चार वर्षं थांबा, तो १८ चा झाला की स्वतः सही करेल. परवानगी न घेता केलेला व्यवहार मात्र तो सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे २१ चा होईपर्यंत, दावा लावून रद्द करून घेऊ शकतो, आणि तोपर्यंत तुमच्याकडून फ्लॅट घेणारा माणूस टांगलेला राहतो.