मीटिंग संपल्यावरचा मेल

प्रश्न: मीटिंगनंतर निर्णय, कामं, कोणाकडे काय आणि कधीपर्यंत, असा सारांश मी सगळ्यांना मेल करते. तरी पुढच्या मीटिंगला "हे माझ्याकडे होतं? मला माहीतच नव्हतं" हे ऐकावं लागतंच. मेल नेमका कसा लिहायचा? नमुना असेल तर द्या.

मी बांधकामावर पीएमसीचं काम करतो, म्हणजे मालकाच्या वतीने साइटवर समन्वय. दर मंगळवारी अकरा वाजता साइट ऑफिसात बसतो: मालकाकडचा एक जण, आर्किटेक्ट, स्लॅब-कॉलमचं डिझाइन करणारा आरसीसी कन्सल्टंट, मुख्य कॉन्ट्रॅक्टर, प्लंबिंगवाले, इलेक्ट्रिकवाले. मिनिट्स काढायचं काम माझ्याकडे. तुमचं ऑफिस वेगळं असेल, पण तुम्ही सांगताय ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आमच्याकडचंच एक उदाहरण उलगडून सांगतो.

आधी माझी चूक. एका जुन्या साइटवर टॉयलेटचं संक कमी करायचं ठरलं. (टॉयलेटच्या फरशीखाली पाइप बसावेत म्हणून तेवढ्या भागात स्लॅब खाली घेतात, त्याला साइटवर संक म्हणतात.) कमोड भिंतीवर टांगायचा घेतला होता, त्यामुळे ३०० मिलिमीटरची गरज उरली नव्हती, २०० पुरत होतं. भरावही कमी लागणार होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी संध्याकाळी मेलमध्ये लिहिलं: "टॉयलेटचे संक कमी करण्याबाबत चर्चा झाली. आर्किटेक्ट व आरसीसी टीमने बघावे." सोबत चार पानांची पीडीएफ.

दहा दिवसांनी स्लॅब चेकिंगला गेलो तर शटरिंग ३००चं, वर सळई बांधून तयार. कॉन्ट्रॅक्टरचा काही दोष नव्हता, त्याच्या हातात जुनंच ड्रॉइंग होतं. आर्किटेक्टला वाटलं की आरसीसीवाले थेट बदलतील. आरसीसीवाले आर्किटेक्टच्या सेक्शनची, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगची, वाट बघत होते. स्लॅब तीन दिवस पुढे गेला, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी आयत्या वेळी रद्द करावी लागली, आणि बांधलेली सळई सोडताना सेंटरिंगवाल्या मुकादमाने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दोन वाक्यांत काय चुकलं ते नीट बघा. "चर्चा झाली" हा निर्णय नव्हे. मीटिंगला नसलेल्या माणसाला त्यावरून २०० ठरलं की अजून विचार चालू आहे हे कळत नाही. "टीमने" म्हणजे कोणीच नाही. आणि "बघावे" हे काम झालं की नाही, हे कशावरून ओळखणार? बघितलं, संपलं! तारीख तर नव्हतीच.

आता तसंच प्रकरण पुढच्या साइटवर, फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं, तेव्हा पाठवलेला मेल देतो. त्यातलं जीएफसी म्हणजे बांधकामासाठी पक्कं केलेलं ड्रॉइंग, आर २ आणि आर ३ म्हणजे त्याच्या सुधारित आवृत्त्या, आणि स्लीव्ह म्हणजे पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये ठेवलेली नळी. माणसांची नावं काढून हुद्दे घातलेत. तुमच्या मेलमध्ये मात्र हुद्दा नको, माणसाचं नावच हवं.

विषय: साइट मीटिंग, मंगळ. ११ फेब्रु. – ७व्या स्लॅबआधीची ५ कामं

नमस्कार,

ठरलं ते:
१. ७व्या स्लॅबपासून टॉयलेटचं संक ३०० ऐवजी २०० मिमी. कारण: भिंतीवरचा कमोड. ६व्या स्लॅबपर्यंत काही बदल नाही.
२. ७वा स्लॅब शनिवार, २२ फेब्रु. रोजी भरायचा.

कामं:
आर्किटेक्ट – टॉयलेटचं सुधारित सेक्शन आरसीसी कन्सल्टंटना मेल करणे – गुरु. १३, संध्या. ५
आरसीसी कन्सल्टंट – नवं जीएफसी ड्रॉइंग (आर ३) साइटवर देणे – सोम. १७, दु. १२
कॉन्ट्रॅक्टरचे साइट इंजिनिअर – जुन्या आर २ च्या सगळ्या प्रतींवर 'रद्द' शिक्का, फोटो ग्रुपवर – सोम. १७, संध्या. ६
प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टर – स्लीव्हच्या जागा शटरिंगवर मार्क करणे – बुध. १९, दु. ४
मी – स्लॅब चेकिंग, मग आरएमसीला वेळ पक्की कळवणे – शुक्र. २१, संध्या. ५

ठरलं नाही ते:
लिफ्ट पिटच्या वॉटरप्रूफिंगची पद्धत. मालक १८च्या मीटिंगला सांगतील. तोवर पिटमध्ये काम नाही.

यात काही चुकलं असेल तर उद्या, बुधवारी संध्या. ६ पर्यंत याच मेलला उत्तर द्या. नंतर हे सगळ्यांना मान्य आहे असं धरून काम सुरू होईल.

एवढंच. मोबाइलवर दोन बोटं सरकवली की संपतं, आणि ते तसंच हवं, कारण आमचे निम्मे लोक हा मेल जिना चढताना वाचतात. पीडीएफ कोणी उघडत नाही. मेलमध्ये टेबल घातलं तर फोनवर त्याचे रकाने फाटतात. म्हणून एका कामाला एक ओळ आणि ओळीच्या सुरुवातीला नाव, म्हणजे माणूस आपलं नाव शोधत खाली येतो आणि तिथे थांबतो.

तारखा कशा आल्या, ते सांगतो, कारण बहुतेक मेल इथेच ढिले पडतात. मीटिंगमध्ये "कधी देता?" असं विचारलं की "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर येतं आणि आपण तेच लिहितो. मी उलटा निघालो. स्लॅब शनिवारी २२ला. चेकिंग शुक्रवारी. सळईला बुधवार-गुरुवार. म्हणजे संकचं शटरिंग मंगळवारी लागायला हवं, आणि त्यासाठी ड्रॉइंग सोमवारी दुपारी साइटवर हवं. आरसीसी कन्सल्टंट म्हणाले, "मला दोन दिवस लागतील, मी १९ला देतो." पण १९ फेब्रुवारी शिवजयंती, त्यांचं ऑफिस बंद. शिवाय १९ला मिळालं तर सळई कशावर बांधणार? हे सगळं फळ्यावर लिहिल्यावर त्यांनीच १७ची वेळ दिली, पण सेक्शन गुरुवारी मिळालं तरच, या अटीवर. म्हणून आर्किटेक्टची १३ आली. अशी मागून मोजलेली तारीख माणूस पाळतो, कारण उशीर झाला तर पुढच्या कोणाचा खोळंबा होतो हे त्याला दिसत असतं.

शेवटी काय हातात पडणार, हेही ओळीत आहे बघा. सेक्शन, आर ३, शिक्क्याचा फोटो. "समन्वय साधणे", "पाठपुरावा करणे", "फायनल करणे" असे शब्द मी मेलमधून हद्दपार केलेत. जुन्या प्रतींवर शिक्का मारायचं काम तर ठरवून घातलं. नवं ड्रॉइंग आलं तरी जुनं साइटवर भिंतीला चिकटवलेलं असतं, आणि सळई बांधणारा फिटर भिंतीवरचंच बघतो.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो. "मला माहीतच नव्हतं" यावर चांगला मेल हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा मीटिंगमध्येच करायचा असतो. मी हा मेल मीटिंग चालू असतानाच लॅपटॉपवर लिहितो आणि शेवटची सात-आठ मिनिटं राखून कामांच्या ओळी मोठ्याने वाचतो. नाव, काम, तारीख. ज्याचं नाव त्याने "हो" म्हणायचं किंवा तिथेच भांडायचं. ही वाचनाची पद्धत सुरू केली तेव्हा आमचे एक ज्येष्ठ आर्किटेक्ट वैतागले, "शाळेत हजेरी घेताय का?" म्हणाले. पण त्याच दिवशी दोन कामं अशी सापडली की ज्यांना प्रत्येकाने दुसऱ्याचं समजलं होतं. मेल मग चहा संपायच्या आत जातो. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलात तर तुम्ही आठवणीतून लिहिता, आणि समोरच्याची आठवण वेगळी असते.

मीटिंगला नसलेल्या माणसाच्या नावावर काम लिहायचं असेल तर आधी त्याला फोन करा. वरच्या मेलमध्ये प्लंबिंगवाले त्या दिवशी आले नव्हते. मी मीटिंगमधूनच स्पीकरवर फोन लावला. १९ची सुट्टी त्यांच्या माणसांना आहे का, तेही तेव्हाच विचारलं. नव्हती. न विचारता नाव टाकलं की तो मेल त्याला वाचावासाच वाटत नाही.

मी मध्यंतरी प्रत्येकाला त्याच्यापुरता वेगळा मेल पाठवून बघितला. वाटलं, प्रत्येकाला आपलंच तेवढं दिसेल. फसलं. आर्किटेक्टला हे कळेचना की त्यांच्या गुरुवारवर दुसऱ्याचा सोमवार टांगलाय. तेव्हापासून सगळ्यांना एकच मेल. ज्यांच्याकडे काम आहे ते 'टू'मध्ये, नुसतं माहितीसाठी असलेले 'सीसी'मध्ये. व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फक्त "मेल पाठवलाय, बघा" असं टाकतो. कामांची यादी तिथे टाकली की वाद तिथेच सुरू होतो, आणि तीन महिन्यांनी तो मेसेज शोधता येत नाही.

"मान्य आहे असं धरून" ही ओळ कोरडी वाटेल, पण ती काढू नका. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टर मुदतवाढ मागतो तेव्हा हेच जुने मेल बाहेर निघतात: ड्रॉइंग कोणत्या दिवशी मिळणार होतं, प्रत्यक्षात कधी मिळालं. त्यासाठीच मेलमध्ये दोषारोप लिहायचे नाहीत. "आर्किटेक्टच्या दिरंगाईमुळे" असं लिहिलंत की उत्तरांची मालिका सुरू होते आणि कामाची ओळ त्यात बुडते. "१३ला येणार होतं, १५ला आलं" एवढंच पुरतं.

पुढची मीटिंग मी याच मेलपासून सुरू करतो. झालेली कामं काढून टाकतो, राहिलेली नव्या मेलमध्ये सर्वांत वर जातात, आणि त्यांची जुनी तारीख पुसायची नाही: "मूळ १३, आता १५" असंच लिहायचं. एखादी ओळ तीनदा पुढे सरकली की मी त्या माणसावर चिडत नाही. बहुतेक वेळा ते काम त्याच्या हातातलं नसतं, किंवा त्यामागचा निर्णयच झालेला नसतो. मग ती ओळ "ठरलं नाही ते" मध्ये जाते आणि निर्णय देणाऱ्याचं नाव तिथे लागतं.

रोजच्या पंधरा मिनिटांच्या उभ्या-उभ्या मीटिंगला हे सगळं करू नका, तिथे फळ्याचा फोटो पुरे. आणि कामांच्या ओळी बारा-पंधराच्या वर जायला लागल्या तर मेल सुधारण्यापेक्षा मीटिंगचे दोन भाग करा. आम्ही प्लंबिंग-इलेक्ट्रिकची मीटिंग त्याचमुळे गुरुवारी वेगळी केली.