सपाट रेषेखालचा आकडा

‘‘माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर दोन्ही कानांना ‘टाइप बी’ लिहिले आहे. बी म्हणजे कानात पाणी, असे कळले. मला स्वतःला कानातली हाडे घट्ट झाल्याचे निदान झालेले आहे. त्याला पाणी आहे की माझाच आजार आला आहे, आणि दोन्ही कानांचे ऑपरेशन करावे लागेल का?’’

ऐरोलीहून आमच्या ठाण्याच्या श्रवण तपासणी केंद्रात आलेल्या या आईंच्या हातात टिम्पॅनोग्रामचा, म्हणजे कानाचा पडदा किती हलतो ते दाखवणाऱ्या आलेखाचा, एक कागद होता. त्यावरच्या दोन्ही आडव्या रेषा दिसायला सारख्याच होत्या. मी मात्र आधी रेषांखाली छापलेले आकडे पाहिले. डाव्या कानासमोर ECV, म्हणजे कानाच्या नळीतल्या हवेचे माप, 0.6 मिलिलिटर होते आणि उजव्या कानासमोर 2.4. माझ्या मते बी प्रकारच्या रिपोर्टमध्ये सर्वांत बोलका आकडा हाच असतो, आणि घरी नेलेल्या कागदावर नेमका तोच वाचला जात नाही.

तपासणीत कानाच्या नळीत रबरी टोक घट्ट बसवून आतला हवेचा दाब अधिक 200 डेकापास्कलपासून उणे 400 पर्यंत बदलत नेतात आणि त्याच वेळी 226 हर्ट्झचा सूर सोडून पडदा किती हलतो ते मोजतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो तेव्हा तो सर्वांत सहज हलतो आणि आलेखात शिखर दिसते. हे शिखर शून्याच्या आसपास असेल तर तो ‘ए’ प्रकार. ते उणे 100 च्याही पलीकडे सरकले असेल तर ‘सी’, म्हणजे कान आणि घसा यांना जोडणारी नळी नीट उघडत नसल्याने मधल्या कानातला दाब उतरला आहे. आणि शिखरच नसेल तर ‘बी’. ए, बी, सी ही अक्षरे केवळ रेषेचा आकार सांगतात. तो आकार कशामुळे आला, हे ती सांगत नाहीत.

ECV म्हणजे रबरी टोकापासून पडद्यापर्यंत मावणाऱ्या हवेचे माप. पाच वर्षांच्या मुलात ते साधारण 0.4 ते 1.0 मिलिलिटर असते. पडद्याला भोक असले की यंत्र पडद्याशी थांबत नाही. पलीकडचा मधला कान आणि कानामागच्या हाडातील पोकळ्याही मोजते. दार बंद असताना फक्त ओटी मोजली जावी आणि दार उघडे असताना ओटीसकट आतली खोलीही, तसा हा प्रकार आहे. म्हणून या वयाच्या मुलात 2.4 हा आकडा नुसता मोठा नव्हे, तर पडदा बंद नसल्याची खूण होता. ग्रोमेट, म्हणजे द्रव निचरावा म्हणून पडद्यात घालतात ती बारीक नळी, बसवलेल्या कानातही असाच आकडा येतो. या मुलाला ते कधी बसवलेले नव्हते. भोकामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाबाचा फरकच उभा राहत नाही, म्हणून शिखर येत नाही. डाव्या कानात मात्र माप नेहमीचे, म्हणजे पडदा शाबूत, पण मागे द्रव साठल्यामुळे कोणत्याही दाबाला तो हलायला तयार नव्हता. थोडक्यात, दोन सारख्या रेषांची कारणे निराळी होती.

तिसरी शक्यताही तपासावी लागते. माप 0.2 च्या आसपास आले, तर नळीत मळ अडकला असावा किंवा टोक नळीच्या भिंतीला टेकले असावे, आणि अशा वेळी सपाट रेषेला काही अर्थ नसतो. मळ काढून किंवा टोक पुन्हा बसवून नव्याने मोजायचे. येथे तसे नव्हते. तरी आकड्यांवर विसंबून थांबलो नाही, कारण भोकाच्या आत पू किंवा सुजलेले अस्तर भरलेले असेल तर मोठे माप येतही नाही, आणि भोक सुटून जाऊ शकते. आईंना विचारले, तेव्हा पावसाळ्यात मुलाला ताप येऊन उजवा कान रात्रभर दुखल्याचे, सकाळी उशीवर ओलसर डाग दिसल्याचे आणि दुखणे लगेच कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. कानाच्या डॉक्टरांना उजव्या पडद्यात छोटे भोक आणि डाव्या पडद्यामागे पिवळसर द्रव दिसला. ऐकण्याच्या तपासणीत हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यात डावीकडे 25 आणि उजवीकडे 20 डेसिबलचा फरक होता. हाडातून ऐकणे दोन्हीकडे उत्तम होते, म्हणजे आतला कान ठीक होता.

आईंच्या आजाराची भीती अनाठायी नव्हती, कारण ओटोस्क्लेरोसिस बऱ्याचदा घराण्यात चालतो. पण तो सहसा तरुणपणी जाणवू लागतो, पाचव्या वर्षी क्वचितच. आणि त्यात रेषा अशी सपाट होत नाही. रिकाब हे हाड आखडले तरी मधल्या कानात हवा असते आणि पडदा थोडाफार हलतोच, म्हणून शिखर योग्य जागीच येते, फक्त बुटके असते. त्याला ‘एएस’ म्हणतात. प्रौढांत सर्वसाधारण उंची 0.3 मिलिलिटरच्या वर असते. पण या आजाराच्या अनेक रुग्णांत शिखर नेहमीच्याच उंचीचे असते, आणि बुटके शिखर निरोगी कानांतही सापडते. त्यामुळे निदान त्या उंचीवर ठरत नाही; मोठ्या आवाजाला कानाचा स्नायू प्रतिसाद देतो की नाही आणि हवेतून व हाडातून ऐकण्यात किती फरक आहे, हे जोडीला पाहतात.

ऑपरेशनबद्दल डॉक्टरांचा सल्ला थांबण्याचा होता. मुलांच्या कानातले असे पाणी बहुधा तीन महिन्यांत आपोआप ओसरते आणि संसर्गाने पडलेले छोटे भोकही अनेकदा भरून येते. तोवर उजव्या कानात पाणी जाऊ द्यायचे नव्हते, म्हणजे पोहणे बंद. शाळेत पुढच्या बाकावर बसवण्याची चिठ्ठीही दिली.

तीन महिन्यांनंतर डावीकडे शिखर आले, पण उणे 180 वर. हा सी प्रकार द्रव निचरत असतानाच्या टप्प्यात दिसतो, म्हणून मला तो समाधानकारक वाटला. उजवीकडे माप 2.4 वरून 0.7 वर उतरले होते, म्हणजे पडदा मिटला होता. मात्र त्या कानाचे शिखर 1.5 मिलिलिटरपर्यंत चढले होते, रिपोर्टवर ‘एडी’, म्हणजे उंच शिखराचा प्रकार, असे छापले होते, आणि आईंनी ‘हाड निसटले का?’ असे लगेच विचारले. उंच शिखर खरोखरच हाडांचा सांधा सुटल्यावर येते, पण मग ऐकण्यातली घट मोठी, 50 ते 60 डेसिबलपर्यंत असते. या मुलाचा फरक 20 वरून 5 वर आला होता. भरून आलेल्या जागी पडद्याचा मधला पदर तयार होत नाही, तेवढा भाग पातळ आणि ढिला राहतो, आणि यंत्राला तोच ढिलेपणा दिसतो. मागची हाडे जागेवर असली तरी ती त्यामागे झाकली जातात. डाव्या कानासाठी पुढची तपासणी सहा आठवड्यांनी ठेवली, आणि उजव्या कानाचा या उंचीचा आलेख फाइलमध्ये जपून ठेवायला सांगितले, कारण पुढे कधी हाच कान तपासला गेला तर तुलनेला तो लागेल.