प्रवासात कसले चित्रपट न्यावेत?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात १६ तासांचा प्रवास आहे. मोबाईलवर चित्रपट भरून न्यायचेत, पण आवाज नीट ऐकू येत नाही आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी उठवतंच. कसले चित्रपट निवडू?

उत्तर: मी एकाच चित्रपटापासून सुरुवात करते, कारण व्यत्यय, छोटा पडदा आणि आवाज या तुमच्या तिन्ही अडचणी त्यावरून नीट कळतात. सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. ९६ मिनिटांचा, कृष्णधवल, जवळजवळ सगळाच्या सगळा एका खोलीत घडणारा. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप आहे आणि बारा ज्युरींनी एकमतानं निर्णय द्यायचा आहे. बासू चटर्जींनी त्यावरून केलेला 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) तुम्हाला कदाचित माहीत असेल.

व्यत्ययांचं आधी बोलू, कारण प्रवासात चित्रपट बहुतेक वेळा तिथेच हातचा सुटतो. या चित्रपटात सुरुवातीला मतं पडतात ती ११ विरुद्ध १. मग एकेक जण मत बदलतो, मध्यावर कधीतरी ६-६ होतं आणि तिथून पारडं दुसरीकडे झुकतं. म्हणजे तुम्हाला मधेच थांबवलं, वीस मिनिटं गेली, तरी परत आल्यावर एवढंच आठवावं लागतं: आता मतं किती-किती आहेत? पुस्तकात खूण ठेवावी तशी खूण कथेतच ठेवलेली आहे. मी चित्रपट निवडताना सगळ्यात आधी अशी खूण शोधते. एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचायचं आहे, ठरलेल्या वेळेआधी काहीतरी शोधायचं आहे, माणसं एकेक करून गळत चालली आहेत, असलं काहीही चालतं. आपण कुठवर आलो हे पडद्याकडे बघून समजलं पाहिजे.

याच्या उलट, काळ पुढेमागे उड्या मारतो असे चित्रपट घरीच ठेवा. एका प्रवासात मी असाच एक चित्रपट लावला होता. तिसऱ्यांदा थांबवून परत आले तेव्हा समोर चाललेली आठवण नक्की कोणाची हेच मला कळेना. दोनदा मागे जाऊन पाहिलं आणि अर्ध्यावर सोडून दिला. तो चांगला चित्रपट होता, पुढे घरी पाहिला तेव्हा फार आवडला. दबक्या पावलांनी भीती वाढवत नेणारे चित्रपटही प्रवासात मार खातात. त्यांचा ताण सलग वेळावर उभा असतो, तो एकदा तुटला की परत बसत नाही.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'लाही एक अट आहे. पहिली १५-२० मिनिटं सलग बघायला हवीत. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची साक्ष, रुळांपलीकडच्या बाईची साक्ष आणि तो चाकू, हे सगळं तिथे मांडलं जातं आणि पुढचा वाद त्यावरच चालतो. म्हणून कोणताही चित्रपट आसपासची गडबड शमल्यावर सुरू करावा, निघाल्या निघाल्या नाही.

आता पडदा. साडेसहा इंची मोबाईल आडवा धरला की साधारण १५ सेंटिमीटर रुंदी आणि जेमतेम पावणेसात सेंटिमीटर उंची मिळते. जवळून घेतलेला चेहरा त्यात पाच-सहा सेंटिमीटरचा दिसतो, डोळ्यांतली हालचालसुद्धा कळते. दूरच्या दृश्यातला उभा माणूस मात्र बोटाच्या पेराएवढाही उरत नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये (१९६२) वाळवंटाच्या क्षितिजावर एक ठिपका थरथरत हळूहळू मोठा होतो आणि शेवटी त्यातून उंटावरचा स्वार साकारतो. मोठ्या पडद्यावर ते बघताना श्वास रोखला जातो. मोबाईलवर तो ठिपका सुरुवातीला दिसतच नाही, त्यामुळे काचेवर धूळ असल्यासारखं वाटतं. शिवाय तो साडेतीन तासांहून मोठा आहे. असे चित्रपट प्रवासात 'उरकू' नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण पहिल्यांदा बघण्याची संधी एकदाच येते.

ल्युमेट यांनी नेमकं उलट केलंय. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर आहे आणि खोली मोकळी दिसते. चित्रपट पुढे सरकतो तसा कॅमेरा खाली येतो, लांब पल्ल्याच्या लेन्स लागतात, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि चेहरे मोठे होत जातात. कोंडल्यासारखं वाटावं म्हणून त्यांनी हे केलं, पण छोट्या पडद्यालाही त्याचा फायदा होतो. या चित्रपटाची चौकट आजच्या मोबाईलपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील. ते घालवायला चिमटीनं चित्र मोठं करू नका. वरखालून मिळून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं.

आवाजाचं गणित वेगळं आहे. इंजिनाची घरघर खालच्या सुरातली असते, तरी ती बोलण्यातली व्यंजनं झाकून टाकते. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. आवाज वाढवून फारसं काही होत नाही, कारण कुजबुज तेवढीच अस्पष्ट राहते आणि पुढच्याच दृश्यात दार आपटलं की कान दुखतो. कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे इअरफोन घरघर बाहेर अडवतात, आवाज वाढवण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त. हाक ऐकू यावी म्हणून एकच कानात घालणार असाल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करा, नाहीतर दुसऱ्या बाजूचा आवाज मिळणारच नाही.

एवढं करूनही 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' सबटायटल्सशिवाय नेऊ नका, तो बोलण्यावरच चालतो. पटापट वाचायला जड जात असेल तर मूकपट न्या. बस्टर कीटन यांचा 'द जनरल' (१९२६) सव्वा तासाच्या आसपास आहे. रेल्वे इंजिन उत्तरेकडे पळवलं जातं, कीटन त्याच्या मागे जातो आणि मग सगळा पाठलाग उलट्या दिशेनं परत येतो. गाडी कुठल्या बाजूला धावतेय यावरून तुम्ही कथेत कुठे आहात ते कळतं. इअरफोन हरवले तरी काही बिघडत नाही.

अनेक छोट्या कथांचे चित्रपटही सोयीचे असतात, एक कथा संपली की झोपता येतं. फक्त आत काय आहे ते आधी बघा. सहा कथांचा 'वाइल्ड टेल्स' (२०१४) मला फार आवडतो, पण त्यातली पहिलीच कथा विमानात घडते आणि शेवट वाईट आहे. विमानानं जाणार असाल तर तो मुळीच नको. शेजारच्या सीटवर लहान मूल असलं तर तेही तुमच्याच पडद्याकडे बघत बसतं, हेही ध्यानात असू द्या.

निघण्याआधी प्रत्येक चित्रपटाची एक परीक्षा घ्या. फाईल मधेच कुठेतरी उघडा, आवाज पूर्ण बंद करा, फोन हातभर लांब धरा आणि दोन मिनिटं बघा. कोणाला काय हवंय आणि कोण त्याच्या आड येतंय एवढं कळलं तर तो न्या. नुसती काळोखातली हालचाल दिसली तर काढून टाका, दिवसाउजेडी काचेवर तुमचाच चेहरा दिसेल. याच वेळी फोन विमान मोडवर टाकून फाईल खरंच चालते का आणि सबटायटल्स सोबत उतरलीत का तेही तपासून घ्या. माझ्याकडे एकदा चित्रपट होता, सबटायटल्स मात्र नेटवरच राहिली होती.

१६ तासांसाठी तीन पुरेत: सुरुवातीला बोलका, मधे छोट्या कथांचा आणि डोळे जड झाल्यावर कीटन.