पुसट पासपोर्ट फोटो साफ करताना चेहरा का बदलतो?

"आजोबांचा एकच बारीक, पुसट पासपोर्ट फोटो आहे. त्याचं चित्र करायचंय, पण चेहरा साफ केला की दुसरेच कुणी दिसतात. काय करू?"

मूळ प्रिंट असेल तर मोबाइलने न टिपता ६०० डीपीआयला स्कॅन करा. ३५ × ४५ मिमीच्या फोटोचे सुमारे ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात. छोट्या फाइलीत डोळा जेमतेम आठ-दहा पिक्सेलचा असतो. पापणीची ठेवण त्यात उरलेलीच नसते, म्हणून टूल शिकलेल्या इतर चेहऱ्यांवरून ती रचतं. चेहरा साफ करणारं कोडफॉर्मर हे टूल वापरत असाल तर मूळ चेहरा किती जपायचा ते ठरवणारा `w` हा आकडा ०.८ च्या आसपास ठेवा. ० कडे नेलं की चेहरा गुळगुळीत, पण परका. साफ केलेला चेहरा वेगळा थर म्हणून नुसत्या मोठ्या केलेल्या फोटोवर निम्म्या ओपॅसिटीने टाका आणि तीळ, दात, भुवया मूळ फोटोशी ताडून पाहा. प्रिंटच हललेली असेल तर मात्र हे सगळं सोडा. सरळ जलरंगाची शैली द्या, तिच्यात पुसटपणा खपून जातो.